पडद्यावर २,१६०, बिनमध्ये शून्य



कोथरूडला कारखान्याच्या गोष्टी सांगायला वेगळी प्रस्तावना लागत नाही. १९६२ साली किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली आणि तिच्या इंजिनांनी या परिसराची ओळख घडवली. ‘वनाज’ हे नाव आज आपण मेट्रोचं स्थानक म्हणून घेतो, तेही मुळात एका कारखान्याचंच नाव आहे. या सभागृहात भोसरी-पिंपरीत उमेदीची वर्षं घालवलेले अनेक जण बसलेत आणि सकाळच्या बसने चाकणला जाणारी मुलंमुलीही आहेत. मी आज जी गोष्ट सांगणार आहे ती अशाच एका मुलीची. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होती, इंटर्नशिपसाठी एका कारखान्याच्या मटेरियल विभागात आली होती. कारखान्याचं नाव सांगत नाही, मुलीचंही नाही. मी स्टोअर आणि प्लॅनिंगमध्ये आयुष्य काढलं आहे, आणि तिने जे शोधून काढलं ते भल्या भल्या अनुभवी माणसांच्या नजरेतून सुटलेलं मी पाहिलं आहे.

या कारखान्यात ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक पंप बनायचे. दोन पाळ्या, ताशी पंधरा पंप, दिवसाला २४०. प्रत्येक पंपाला तेल आत येण्याचं एक तोंड आणि बाहेर जाण्याचं एक. दोन्ही तोंडांवर अॅडाप्टर बसतो आणि त्याच्याखाली एक डाऊटी वॉशर. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान अशी लोखंडी चकती, मधे भोक, आणि भोकाच्या आतल्या कडेला चिकटवलेली रबराची बारीक ओठासारखी कड. अॅडाप्टर आवळला की ही कड दाबली जाते आणि तेल अडतं. किंमत चार-पाच रुपये. एकदा आवळलेला वॉशर सोडवला की तो पुन्हा वापरायचा नसतो, कारण दाबलेलं रबर परत तितकं धरेलच याची खात्री नसते. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ऑगस्टमधल्या एका दिवशी सकाळी १० वाजून ४० मिनिटांनी ही लाइन थांबली. लाइन लीडरने बिनमध्ये हात घातला आणि रिकामा बाहेर काढला. स्टोअरला फोन गेला. स्टोअरकीपरने रॅक पाहिला, वरचा पाहिला, खालचा पाहिला. मग सिस्टिममध्ये पार्ट नंबर टाकला. पडद्यावर आकडा होता २,१६०. म्हणजे साडेचार दिवसांचा माल. प्लॅनरनेही आपल्या टेबलावरून तेच पाहिलं आणि फोनवर म्हणाला, “माल आहे, नीट शोधा.” पाऊण तास चार माणसं शोधत होती. जे नव्हतंच ते सापडणार कुठून!

दुपारी २ वाजून १० मिनिटांनी पुरवठादाराचा टेम्पो आला. ५,००० वॉशरची ऑर्डर तीन दिवसांपूर्वीच गेली होती, ती ठरल्या वेळी पोचली. लाइन सुरू झाली. साडेतीन तास, बावन्न पंप, एवढं नुकसान. मॅनेजर म्हणाले, फरक मारून टाका, रेकॉर्ड शून्य करा, आलेला लॉट चढवा आणि पुढे चला.

बहुतेक कारखान्यांत ही गोष्ट इथेच संपते. माल आला, लाइन सुरू झाली, विषय संपला. पण त्या मुलीने स्टोअरकीपरला विचारलं, “काका, शून्य केल्यावर हे २,१६० कुठे गेले ते आपल्याला कधी कळेल का?” स्टोअरकीपर पस्तीस वर्षं मुरलेला माणूस. तो म्हणाला, “नाही बाळ. मग ते गेलेच.” आणि त्याने स्वतःच सुचवलं की आधी सगळ्या हालचालींची यादी काढून ठेव. सॅप चालवणाऱ्या कारखान्यांत `MB51` टाकलं की एखाद्या पार्टची प्रत्येक आवक-जावक तारीखवार मिळते. तिने ३१ मार्चच्या वार्षिक मोजणीपासूनची यादी काढली.

त्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट घडली, आणि मला ती लाइन थांबण्यापेक्षा जास्त लागते. कुणीतरी चोरीचा विषय काढला. रात्रपाळीला कंत्राटी कामगार असतात, त्यांच्या पिशव्या तपासल्या जाव्यात असं बोललं गेलं. चार रुपयांचे दोन हजार वॉशर चोरून कुणी काय करणार, हा विचार कुणी केला नाही. आकडा चुकला की पहिला संशय सगळ्यात गरीब माणसावर जातो, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की त्याची चीड अजून गेलेली नाही. त्या मुलीच्या मनात ते बोचलं असावं. कारण पुढचे दिवस ती ज्या हट्टाने हिशोब जुळवत होती तो केवळ प्रोजेक्ट रिपोर्टचा हट्ट नव्हता.

तिने हिशोब असा मांडला. ३१ मार्चला प्रत्यक्ष मोजून ४,९६० वॉशर होते. तेव्हापासून दहा लॉट आले, प्रत्येकी ५,०००. कामाचे दिवस ११०, रोज २४० पंप, पंपाला दोन वॉशर, म्हणजे खप ५२,८००. बेरीज-वजाबाकी केली की बरोबर २,१६० उरतात. सिस्टिम गणितात कुठेही चुकलेली नव्हती. सिस्टिमला जे सांगितलं गेलं होतं त्याचा हिशोब तिने चोख ठेवला होता. म्हणजे प्रश्न असा उरला: जे घडलं पण सांगितलं गेलं नाही, ते काय?

इथे एक गोष्ट समजून घेऊ. लाइनवरचे वॉशर कुणी एकेक करून सिस्टिममध्ये खर्ची टाकत नाही. पंप तयार होऊन शेवटच्या टेबलावरून पास झाला की सिस्टिम त्या पंपाची सामग्री-यादी, म्हणजे बीओएम, उघडते आणि त्यात लिहिलेले दोन वॉशर आपोआप वजा करते. याला बॅकफ्लश म्हणतात. खानावळीत दिवसाला किती पोळ्या वाढल्या ते मोजून कणीक किती गेली हे ठरवायचं, तसंच हे. हिशोब सोपा होतो. पण तव्यावर करपलेली, फेकून दिलेली पोळी त्यात कधीच येत नाही.

ती लाइनवर जाऊन उभी राहिली. एक पूर्ण पाळी तिने फक्त लीक टेस्टचं टेबल पाहिलं. पंप जोडून झाला की त्यात हवा भरून दाब टिकतो का ते पाहतात. शंभरातले दोन-तीन पंप नापास होतात, ते लाल ट्रॉलीवरून रिवर्कच्या टेबलाकडे जातात. तिथला कामगार दोन्ही अॅडाप्टर सोडवतो, पृष्ठभाग पुसतो, जुने वॉशर डब्यात टाकतो, नवे घालतो, पुन्हा आवळतो. अगदी नियमाप्रमाणे काम. हे नवे वॉशर कुठून येतात? त्याच्याकडे एक लहान प्लास्टिकचा ट्रे होता. तो रिकामा झाला की तो लाइनच्या बिनमधून मूठभर वॉशर आणायचा. रिवर्क झालेला पंप पुन्हा टेस्टला जायचा, पास व्हायचा आणि सिस्टिम दोन वॉशर वजा करायची. खरे गेलेले चार.

“स्लिप भरत नाही का?” तिने विचारलं. तो म्हणाला, “भरायचो मॅडम. सुपरवायझरची सही लागते. पाच रुपयांच्या वॉशरसाठी रोज सही घ्यायला गेलं की साहेब ओरडतात.” मला तर त्या कामगाराचं काही चुकलं असं वाटत नाही. पाच रुपयांच्या मालाला पन्नास रुपयांचा वेळ खाणारी पद्धत ज्यांनी घालून दिली, त्यांनीच तो खर्च नोंदीबाहेर ढकलला. असा माल भंगारात टाकण्याची नोंद सिस्टिममध्ये करता येते. सॅपमध्ये त्याला `551` हा हालचालीचा क्रमांक आहे. पाच महिन्यांच्या यादीत या पार्टवर `551` एकदाही नव्हता. ज्या लाइनवर रोज रिवर्क होतं तिथे भंगाराची एकही नोंद नसणं, हीच खरी खूण होती. तेव्हापासून मी तरुणांना नेहमी सांगत आलो आहे की यादीत काय आहे ते वाचा, आणि काय असायला हवं होतं पण नाही तेही वाचा.

रिवर्कचं रजिस्टर मात्र नीट होतं. त्यात ११० दिवसांत ६६० पंप होते. प्रत्येकी दोन जादा वॉशर, म्हणजे १,३२०. निम्म्याहून जास्त कोडं सुटलं.

उरलेले ८४० तिला सहज सापडले नाहीत. तिने नवा आलेला लॉट हाताने मोजायचं ठरवलं. वॉशर ५०० च्या पिशव्यांत येतात, लॉटला दहा पिशव्या. लाइनला ताशी तीसच वॉशर लागतात, त्यामुळे मोजायला वेळ होता. स्टोअरच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तिने पन्नास-पन्नासचे ढीग केले. पहिल्या पिशवीत ४९२ निघाले. तिला वाटलं आपलं चुकलं, पुन्हा मोजले, पुन्हा ४९२. दुसऱ्या पिशवीतही तेवढेच. दहा पिशव्या मिळून ४,९२०.

आता पुरवठादाराकडे बोट दाखवणं सोपं होतं. पण आवक घेताना स्टोअरने प्रत्येक पिशवी मोजणीच्या काट्यावर ठेवली होती आणि काट्याने ५०० दाखवले होते. मग काटा बिघडलाय का? काटा तपासला, वजन अचूक होतं. चूक त्याच्या वापरात होती. मोजणीचा काटा आधी नमुना मागतो. दहा नग ठेवा, तो वजन घेतो, दहाने भागतो आणि एका नगाचं वजन ठरवतो. हा वॉशर २.४४ ग्रॅमचा. दहा नग २४.४ ग्रॅम. पण हा काटा एक ग्रॅमच्या टप्प्याने वाचणारा, त्याने २४ धरले. एका नगाचं वजन झालं २.४०. आता ४९२ वॉशरची पिशवी ठेवा: वजन १,२०० ग्रॅम, भागिले २.४०, उत्तर ५००. नग कमी, आकडा पूर्ण.

आणि पुरवठादारही तशाच काट्यावर, दहाच नगांचा नमुना घेऊन पिशव्या भरत होता. दोन्हीकडे एकच चूक होती, म्हणून दोन्ही आकडे जुळत होते, आणि जुळतात म्हणून कुणाला शंका येत नव्हती. उपाय किती साधा! नमुना दहाऐवजी शंभर नगांचा घ्यायचा. शंभर नग २४४ ग्रॅम, एका नगाचे २.४४, आणि तीच पिशवी काटा ४९२ दाखवतो. हे तिने मॅनेजरांसमोर दोनदा करून दाखवलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः करून पाहिलं.

आधीचे लॉट तर वापरून झाले होते, ते मोजता येणार नव्हते. पण प्रत्येक लॉटला ८० कमी धरले तर दहा लॉटचे ८०० होतात. १,३२० आणि ८०० मिळून २,१२०. राहिले ४०. हा शेवटचा भाग अंदाज आहे हे तिने अहवालात स्पष्ट लिहिलं. चाळीस वॉशर जमिनीवर पडून झाडूबरोबर गेले असतील, नाहीतर एखाद्या लॉटमध्ये तूट थोडी जास्त असेल. पिशव्या तपासायचा विषय मात्र त्यानंतर कुणी काढला नाही.

आता मला सगळ्यात मोलाचा वाटणारा मुद्दा. पडद्यावर दिसणारा पण बिनमध्ये नसलेला हा खोटा साठा दिवसाला वीसच्या आसपास वाढत होता. मग लाइन त्याच दिवशी का थांबली? आधी का नाही? आणि ऑर्डर वेळेवर गेलेली असताना का थांबली?

सिस्टिमला सांगून ठेवलं होतं की साठा ३,५०० वर आला की पुढच्या ५,००० ची ऑर्डर काढ. माल यायला तीन दिवस लागतात, त्यात १,४४० खपतात. म्हणजे माल येईल तेव्हा हाताशी २,०६० उरायला हवेत. हा सुरक्षा साठा, अडीअडचणीसाठी ठेवलेला. खोटा साठा एप्रिलपासून नेमकं हेच कुरतडत होता. दर खेपेला लॉट यायच्या वेळी बिनमधला तळ थोडा जास्त दिसायचा. लाइन लीडरला आठवतही होतं की मागच्या खेपेला शंभरेक वॉशरच उरले होते. पण कुणी त्याला विचारलं नव्हतं आणि त्यालाही सांगावंसं वाटलं नव्हतं, कारण माल आला होता ना! ज्या दिवशी खोटा साठा २,०६० च्या वर गेला, त्या दिवशी लाइन थांबली. शंभर वॉशरचा फरक, म्हणजे पन्नास पंप, म्हणजे साधारण साडेतीन तास. घड्याळाशी ताडून पाहा, जुळतं. व्यवस्थापनाला वाटत होतं आपल्याकडे चार दिवसांची उशी आहे. ती केवळ पडद्यावर होती.

आणि समजा त्यांनी काहीच केलं नसतं तर? पुढच्या लॉटच्या आधी लाइन साडेतीनऐवजी दहा तास थांबली असती. त्यापुढच्या वेळी दिवसाहून जास्त. असं करत अडीच-तीन महिन्यांत खोटा साठाच ३,५०० च्या वर गेला असता. मग काय झालं असतं याची कल्पना करा. बिन रिकामा, लाइन बंद. लाइन बंद म्हणून पंप पास होत नाहीत. पंप पास होत नाहीत म्हणून बॅकफ्लश नाही. बॅकफ्लश नाही म्हणून पडद्यावरचा आकडा खाली येत नाही. आकडा ३,५०० च्या खाली येत नाही म्हणून ऑर्डर निघत नाही. माणसाने हात घातल्याशिवाय ही गाठ कधीच सुटत नाही.

एमआयटीतल्या युन कांग आणि स्टॅन्ली गर्श्विन यांनी २००५ मध्ये याचं गणित मांडलं. सिस्टिमच्या लक्षात न येणारी अगदी थोडी गळतीसुद्धा मागणीचं चक्र बिघडवते आणि पुढे मोठा तुटवडा निर्माण करते, असं त्यांनी दाखवलं. हरवलेल्या मालाच्या किमतीपेक्षा माल नसल्यामुळे होणारं नुकसान कितीतरी मोठं असू शकतं. आपल्या गोष्टीत हरवलेल्या मालाची किंमत दहा हजारांच्या आसपास होती. आणि हा रोग फक्त कारखान्याचा नाही. निकोल डेहोराशियस आणि अनंत रामन यांनी एका किरकोळ विक्री कंपनीच्या ३७ दुकानांतल्या जवळपास ३,७०,००० नोंदी तपासल्या. त्यांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ६५ टक्के नोंदींत पडद्यावरचा आकडा आणि फळीवरचा माल जुळत नव्हता.

चूक उलट्या दिशेनेही होते. पडद्यावर कमी आणि बिनमध्ये जास्त. पण ती चूक फार काळ लपत नाही. सिस्टिमचा साठा शून्यावर येतो, वजा करायला काही उरत नाही, आणि नोंदी अडकून चुकांच्या यादीत येऊन पडतात. शिवाय बिन ओसंडून वाहू लागतो, ते नजरेला दिसतं. पडद्यावर जास्त असलेला माल मात्र निमूट बसतो. म्हणून मोजणीचं वेळापत्रक आखताना या दोन चुकांना सारखं वजन देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

पण आपल्याकडे वेळापत्रक कसं आखतात? किमतीवर. महाग माल ए वर्गात, तो महिन्याला मोजायचा. स्वस्त माल सी वर्गात, तो वर्षातून एकदा, ३१ मार्चला. हिशोबनीसाच्या दृष्टीने ते बरोबर आहे, पैसा जिथे अडकलाय तिथे पाहायचं. लाइनच्या दृष्टीने ते उलटं आहे. महागड्या कास्टिंगचे पाच नग कमी पडले तर लगेच कळतं, कारण ते मोजके असतात आणि डोळ्यासमोर असतात. वॉशर, सर्कलिप, ओ-रिंग यांचे हजार नग गेले तरी कळत नाही, आणि लाइन थांबवायला त्यातला एकच पुरतो.

त्या मुलीने सुचवलेली मोजणी मला फार आवडली. तिने सांगितलं, हे बारके पार्ट ठरावीक तारखेला मोजूच नका. नवा लॉट यायच्या आदल्या संध्याकाळी मोजा. तेव्हा बिनमध्ये सगळ्यात कमी माल असतो, त्यामुळे दहा मिनिटांत मोजून होतं, आणि बिन रिकामाच असेल तर मोजायलाही काही नसतं, फक्त पडद्याशी ताडायचं. शिवाय नेमका सुरक्षा साठाच तपासला जातो. जुन्या स्टोअरमध्ये बिनला बिन कार्ड टांगलेलं असायचं आणि माल काढणारा माणूस शिल्लक स्वतः लिहायचा, तेव्हा तळ दिसला की कार्डावरचा आकडाही समोर असायचा. संगणक आल्यावर आकडा एका खोलीत गेला आणि बिन दुसऱ्या शेडमध्ये राहिला. दोघांची गाठ पडावी अशी वेळ ठरवून घालावी लागते.

रिवर्कच्या टेबलावर बदल झाला तो असा. ट्रेमध्ये एका वेळी शंभर वॉशर स्टोअर देतं आणि देतानाच ते `551` ने खर्ची टाकतं. सही नाही, स्लिप नाही. ट्रे रिकामा झाला की पुढचे शंभर. आकडा काही दिवस थोडा पुढेमागे राहतो, शंभराच्या आत. तेवढी ढील परवडते. रिवर्कचा एकेक वॉशर नोंदवा असा हुकूम काढला असता तर तो महिनाभर पाळला गेला असता आणि मग पुन्हा मूठच भरली गेली असती.

यातल्या कुठल्याच उपायाने सगळं जुळत नाही, हेही सांगतो. नव्या पंपाला तिसरा वॉशर लागायला लागला आणि डिझाइनवाल्यांनी बीओएम बदलायला दोन आठवडे लावले, तर रोज पुन्हा खोटा साठा तयार होणार, आणि तो रिवर्कच्या ट्रेमध्ये सापडणार नाही. म्हणून प्रत्येक फरकाचं कारण वेगळं शोधावं लागतं.

इंटर्नशिपच्या शेवटच्या आठवड्यात तिने एक यादी केली. लाइनवरचे असे पार्ट जे रिवर्कमध्ये बदलावे लागतात आणि ज्यांच्यावर भंगाराची एकही नोंद नाही. सहा निघाले. स्टोअरकीपर आणि ती दोघं मिळून बिन उघडत गेले. चार ठिकाणी पडद्यावर जास्त आणि बिनमध्ये कमी. त्यातल्या शाफ्ट सीलचा पडद्यावर सहा दिवसांचा साठा होता, बिनमध्ये दीड दिवसाचा, आणि ऑर्डर निघालेली नव्हती. संध्याकाळचे पाच वाजून गेले होते. स्टोअरकीपरने प्लॅनरला फोन लावला आणि रिसीव्हर तिच्या हातात दिला. तिने पार्ट नंबर सांगितला, मोजलेला आकडा सांगितला, आणि प्लॅनर “सिस्टिममध्ये तर दिसतोय” म्हणाल्यावर शांतपणे सांगितलं, “सर, मी बिनपाशी उभी आहे.” ऑर्डर त्याच संध्याकाळी गेली.